गादीचं चित्र कुठे तोकडं पडतं

अतिवाहकता शिकवताना बहुतेक पुस्तकांत एक गादी येते. एक जण बसला की गादी दबते आणि शेजारचा त्या खळग्याकडे घसरतो. तसंच एक इलेक्ट्रॉन लॅटिसमधले धन आयन जवळ ओढतो, दुसरा तिकडे खेचला जातो, झाली कूपर जोडी! माझी तक्रार अशी की हे चित्र वेळ विसरतं. आयन जड, इलेक्ट्रॉन चपळ. आयन सरकून धनभार गोळा होईपर्यंत पहिला इलेक्ट्रॉन केव्हाच लांब गेलेला असतो आणि दुसरा येतो तो रिकाम्या खळग्याकडे. जागा तीच, वेळ वेगळी, म्हणून दोघांमधलं अपकर्षण बरंचसं टळतं. गादीवर मात्र दोघं एकदमच बसलेले असतात.

दुसरी त्रुटी जास्त मोठी आहे. ‘जोडी तोडायला ऊर्जा लागते, म्हणून रोध शून्य’ असं आपण परीक्षेत बिनधास्त लिहितो. पण ऊर्जेची फट सेमीकंडक्टरमध्येही असते, आणि तो थंड केला की प्रवाह उलट थांबतो. खरी गोष्ट अशी की सगळ्या जोड्या एकाच तरंगफलनात, एकाच फेजने बांधलेल्या असतात. प्रवाह कमी करायचा तर एखादी जोडी अडवून भागत नाही, सगळ्यांचीच फेज एकत्र बदलावी लागते. याच ताठपणामुळे चुंबकीय क्षेत्र असताना पृष्ठभागावर प्रवाह सुरू होतो आणि क्षेत्र बाहेर ढकललं जातं. पदार्थाचा नुसता रोध शून्य झाला असता, तर थंड होताना आत असलेलं क्षेत्र त्याने तसंच धरून ठेवलं असतं. म्हणून माइसनर परिणाम ही जास्त कडक कसोटी.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथच्या शुद्ध स्फटिकावर चुंबकीय कसोटीच लावली. अतिवाहकता सापडली ०.५३ मिलिकेल्विनला, निबंध ‘सायन्स’मध्ये २०१७ साली छापून आला. ती मोडायला सुमारे ५ मायक्रोटेस्लाचं क्षेत्र पुरतं. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या कितीतरी पट, म्हणजे नमुना त्यापासून झाकला नाही तर काहीच दिसणार नाही.

आता गंमत बघा. शिशात इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा फोनॉनच्या ऊर्जेच्या साधारण हजार पट असते, म्हणून ‘आयन मंद’ हे गृहीतक चालतं. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा वाहक. फर्मी ऊर्जा फोनॉनच्या जवळपास येऊन पोचते. मग पहिला इलेक्ट्रॉन पुरेसा लांब गेलेलाच नसतो आणि बीसीएसचं नेहमीचं गणित लागू पडत नाही. क्षेत्र बाहेर पडल्याने अतिवाहकता सिद्ध झाली, पण त्या जोड्या लॅटिसच्या कंपनांनीच बांधल्या का, हे त्या मापनातून ठरत नाही.