पुंजयामिकी : लोकसमज आणि गणिताची साक्ष

परस्परगुंतित कणांपैकी एकाचे मापन होताच दुसऱ्याकडे तत्क्षणी संदेश जातो, असे लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार आढळते. पदवी वर्गाच्या चर्चासत्रात या विधानाची परीक्षा एका प्रश्नाने करता येते : (|00⟩ + |11⟩)/√2 या अवस्थेतील एक कण घाटकोपरला व दुसरा पुण्याला असल्यास, केवळ घाटकोपरच्या नोंदींवरून पुण्यात मापन झाले हे ओळखता येईल काय? मापन झालेच नाही, तर घाटकोपरला 0 मिळण्याची संभाव्यता 1/2 असते. पुण्यात 0, 1 या आधारात मापन झाले तरी ती तेवढीच राहते. +, − या आधारात झाल्यास (1/2 × 1/2) + (1/2 × 1/2), म्हणजे पुन्हा 1/2 येते. संदेश जात नाही. सहसंबंध दोन्हीकडील नोंदी ताडल्यावरच दिसतो. परंतु म्हणून उत्तरे कणांत आधीच ठरलेली होती, हा निष्कर्षही टिकत नाही. कोनांची योग्य निवड केल्यास हीच अवस्था बेल यांच्या १९६४ मधील प्रमेयातून निघणारी मर्यादा ओलांडते.