एका प्रबंधसारांशाचें परीक्षण

गेल्या पावसाळ्यांत एका पदव्युत्तर विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधाचा चार पानांचा सारांश आम्हांस वाचावयास आणून दिला. प्रबंधाचा विषय या पृष्ठांच्या वाचकांस परका नाहीं. जुन्या मराठी पोथ्यांच्या पुष्पिकांत व शकावल्यांत आढळणाऱ्या मित्या गणितानें ताडून पाहणें, आणि त्यांपैकीं कोणत्या विश्वसनीय मानाव्या हें ठरविणें, असा तो विषय. मूळ प्रबंध आम्हीं मागाहून साद्यंत वाचला. तो परिश्रमाचा आहे व प्रामाणिकही आहे. परंतु दोन परीक्षकांपैकीं एक गणितशाखेचे अध्यापक होते, आणि त्यांस सारांश मुळींच पटला नाहीं. समासांत पेन्सिलीनें दोनच प्रश्न लिहून त्यांनीं तो परत केला होता. विद्यार्थ्याची समजूत अशी कीं, परीक्षक परक्या शाखेचे असल्यामुळें त्यांस विषय कळला नाहीं. आमचें मत नेमकें उलट झालें. ते दोन प्रश्न आपल्यापैकीं कोणी विचारले नाहींत, हेंच आश्चर्य. आणि आपणही आपापल्या पोथीची मिती "जुळली" असें फार सहजपणें लिहीत असतों.

प्रथम उद्देशाविषयीं. सारांशाचा आरंभच अमान्त-पूर्णिमान्त, गत-वर्तमान, औदयिक तिथि अशा संज्ञांनीं झाला आहे. या संज्ञा आपल्यास घरच्या आहेत, पण त्यांच्या दाटींत मूळ गोष्ट हरवते. ती गोष्ट अशी कीं, जुन्या मितींत एकच दिवस दोनतीन निरनिराळ्या मापांनीं सांगितलेला असतो, आणि तीं मापें एकमेकांस बांधलेलीं नसतात, म्हणूनच त्यांचा मेळ पाहण्यांत अर्थ असतो. तिथि चंद्राच्या गतीनें चालते, वार सात दिवसांच्या अखंड फेऱ्यानें चालतो. बारा चांद्रमास म्हणजे सुमारें ३५४ दिवस; त्यांत पन्नास आठवडे होऊन चार दिवस उरतात. म्हणून यंदा शुक्रवारीं आलेली तिथि पुढील वर्षीं, मध्यें अधिक मास न पडल्यास, मंगळवारीं किंवा बुधवारीं येईल. लेखकूनें शकाचा एक आंकडा चुकविला, तर वार बहुधा त्याची चुगली करतो. इतकें चारपांच वाक्यांत सांगितलें असतें, तर गणिताचा अध्यापक संज्ञांवांचूनही पुढें चालूं शकला असता.

उदाहरणाची निवड मात्र उत्तम आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शिवछत्रपतींच्या जन्माची मिती शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तिचें गणित असें. १५५१ मध्यें ७८ मिळविले म्हणजे १६२९ येतात. पण शक चैत्रांत सुरू होतो आणि फाल्गुन हा त्याचा शेवटला महिना, म्हणून येथें ७९ मिळवून १६३० घ्यावयाचे. संवत्सरासाठीं शकांत १२ मिळवून साठांनीं भागावें; १५६३ ला भागितां बाकी ३ उरते, आणि प्रभवापासून तिसरा संवत्सर शुक्लच होय. मग स्वामिकण्णू पिल्ले यांच्या १९२२ च्या कोष्टकांवरून दिवस काढला कीं १६३० च्या फेब्रुवारीची १९ तारीख येते, आणि वार शुक्रवार.

येथेंच परीक्षकांचा पहिला प्रश्न आहे: "माझ्या गणितानें या तारखेस मंगळवार येतो, मग शुक्रवार कसा?" विद्यार्थ्यास हा केवळ अडाणीपणा वाटला. वस्तुतः परीक्षकांचें गणित बिनचूक आहे. आजकाल संगणकावर मागील तारखेचा वार काढला तर तो बहुधा आजचीच ग्रेगोरियन पद्धति मागें ताणून काढलेला असतो. इंग्रजांनीं ती पद्धति १७५२ सालीं स्वीकारली. त्यापूर्वींच्या तारखा आपले इतिहासकार जुन्या, ज्यूलियन पद्धतीनें देतात, व सतराव्या शतकांत या दोहोंत दहा दिवसांचें अंतर आहे. म्हणजे ज्यूलियन १९ फेब्रुवारी हीच ग्रेगोरियन १ मार्च, आणि त्या दिवशीं दोन्हीं पद्धतींनीं शुक्रवारच येतो. कारण तारखेचें नांव बदललें तरी वार बदलत नाहीं. सबंध प्रबंधांत ही गोष्ट पहिल्या प्रकरणाच्या एका तळटीपेंत आहे, आणि सारांशांत नाहींच. सारांशांतील पहिलेंच उदाहरण परीक्षकानें स्वतः पडताळून पाहिलें आणि तें फसलें. त्यानंतर त्याचा बाकीच्या पानांवर विश्वास कां बसावा?

दुसरा प्रश्न याहून खोल आहे: "वार जुळेपर्यंत आपण किती रीती लावून पाहिल्या?" सारांशांत लिहिलें आहे कीं, सर्व पर्याय तपासले असतां बहुतेक मित्या जुळतात. विद्यार्थ्यानें हें वाक्य अभिमानानें लिहिलें. गणितज्ञास तेंच संशयाचें वाटलें. कां, तें जेध्यांच्याच मितीवर पाहूं.

शकाचा आंकडा गत वर्षाचा धरावा कीं चालू वर्षाचा, हा एक विकल्प. चालू धरला तर दिवस एक वर्ष मागें जातो. महिना अमान्त धरावा कीं पूर्णिमान्त, हा दुसरा. वद्य पक्षांत पूर्णिमान्त धरला तर दिवस एक महिना मागें जातो. दक्षिणेंतल्या नेहमींच्या रीतीनें, म्हणजे गत शक व अमान्त मास धरून, शुक्रवार आला. शक चालू धरला तर चार वार मागें, सोमवार किंवा त्याच्या आदला दिवस. गत शक परंतु पूर्णिमान्त मास धरला तर बुधवार किंवा गुरुवार. दोन्ही बदल एकदम केले तर शनिवारच्या आसपास. म्हणजे चार रीतींनीं बहुधा चार निरनिराळे वार निघतात. मग लेखकूनें डोळे मिटून कोणताही वार लिहिला असता, तरी सातांतून चार वेळां तो "जुळला" असता! त्यावर, तिथि सूर्योदयाची न धरतां प्रत्यक्ष त्या वेळेची धरूं असें म्हणून एका दिवसाची आणखी सूट घेतली, तर सातही वार जवळ जवळ मोकळे होतात. अशा परीक्षेंत कोणतीच मिती नापास होत नाहीं, आणि जेथें कोणी नापास होऊं शकत नाहीं तेथें उत्तीर्ण झाल्याचा दाखला निरर्थक असतो. चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास हें निदान समजावयास हवें होतें. पण आम्हांसही तें या पेन्सिलीच्या ओळीनेंच दाखविलें.

आतां विद्यार्थ्याच्या बाजूनें सांगावयाचें तें असें कीं, मूळ प्रबंधांतील कोष्टकांत प्रत्येक मितीपुढें कोणत्या रीतीनें ती जुळली याचा स्वतंत्र रकाना आहे. म्हणजे उत्तर त्याच्या हातीं होतें. सारांश लिहितांना त्यानें सगळे रकाने एकत्र करून टाकले. करावयास हवें होतें तें उलट. जी पोथी महाराष्ट्रांत लिहिली गेली तिला आधींच एक रीत नेमून द्यावयाची, गत शक आणि अमान्त मास, आणि त्या एकाच रीतीनें किती जुळल्या तें प्रथम सांगावयाचें. तेथें योगायोगानें जुळण्याचा संभव सातांत एक इतकाच राहतो, आणि म्हणून तेथील जुळणीस वजन आहे. रीत बदलल्यावरच ज्या जुळल्या त्यांची यादी निराळी द्यावयाची, व रीत बदलण्यास वाराखेरीज दुसरें कांहीं कारण आहे काय, तें प्रत्येकीपुढें लिहावयाचें. जेध्यांच्या मितींत संवत्सराचें नांव असल्यामुळें वर्षाचा विकल्प आपोआप बंद होतो. मावळांतील देशमुखाच्या घरची शकावली असल्यामुळें महिन्याचाही विकल्प बंद होतो. तिचा शुक्रवार एकाच दारानें आला आहे, म्हणून तो मोलाचा.

अशी निराळी यादी केली म्हणजे त्या दुसऱ्या वर्गांतील मित्याही टाकाऊ ठरत नाहींत. आमच्या संग्रहीं एक वेदान्तग्रंथाची पोथी आहे. तिच्या पुष्पिकेंतला वार जुळेना म्हणून आम्हीं ती मिती मागाहून घातलेली असावी, असें एका टिपणांत लिहून बसलों. पुढें पोथीच्या मध्यभागीं समासांत लेखन काशींत झाल्याचा उल्लेख सांपडला. तिकडे महिना पूर्णिमान्त. तो धरतांच वार बरोबर आला. लेखकू मराठी, अक्षर मराठी वळणाचें, पण पंचांग तिकडचें. येथें रीत बदलण्यास कारण वाराबाहेरचें होतें. तें टिपण आम्हीं मागें घेतलें आहे.

निष्कर्षांत "जुळलेल्या मित्या अस्सल होत" असें एक विधान आहे. तें सरळ गाळावें. मिती जुळणें म्हणजे ती पंचांगाशीं सुसंगत असणें, एवढेंच. शक आणि संवत्सर यांचा मेळ तर कोणीही मागाहून सांगितलेल्या मितीसही घालूं शकतो. जन्माची जी दुसरी जुनी परंपरा शके १५४९ ची, त्या वर्षासही वरील नियमानें बाकी एक उरून प्रभव संवत्सर येतोच; दोन परंपरांतील वाद त्यानें सुटत नाहीं. १५५१ चा पक्ष बळकट झाला तो मुख्यतः दुसऱ्या साक्षीनें. शिवछत्रपतींच्या पदरीं असलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत, जें १९२७ सालीं छापून निघालें, हेंच वर्ष, हाच मास व हीच तिथि आहे. आणि तें काव्य जेध्यांच्या घरच्या कागदांवरून लिहिलेलें नाहीं. गणितानें साक्षीदार खोटें बोलत असल्यास कधीं कधीं पकडला जातो. तो खरें बोलतो हें सांगण्यास दुसरा साक्षीदारच लागतो.

भाषेविषयीं एकच सूचना. "सिद्ध होतें" हा शब्दप्रयोग चार पानांत अकरा वेळां आला आहे. त्यांपैकीं दोन ठिकाणीं तो शोभतो.

विद्यार्थ्याच्या विनंतीवरून निष्कर्षाचा परिच्छेद आम्हीं त्याच्याजवळ बसून नव्यानें लिहविला. तो आतां असा आहे: "या प्रबंधांत प्रत्येक मितीस तिच्या प्रांताच्या रूढीप्रमाणें एकच गणनारीत आधीं नेमून दिली आहे. त्या रीतीनें जुळणाऱ्या मित्या पहिल्या कोष्टकांत आहेत. त्या केवळ योगायोगानें जुळल्या असत्या तर सातांतून सुमारें एकच जुळली असती. रीत बदलूनच जुळणाऱ्या मित्या दुसऱ्या कोष्टकांत आहेत, आणि वाराव्यतिरिक्त दुसरा आधार असल्याखेरीज त्यांस प्रमाण मानलेलें नाहीं. न जुळणाऱ्या मित्या तिसऱ्या कोष्टकांत आहेत. त्या बनावट आहेत असें लेखकाचें म्हणणें नाहीं. १७५२ पूर्वींच्या इंग्रजी तारखा सर्वत्र ज्यूलियन आहेत." पहिल्या कोष्टकांतील संख्या पूर्वीपेक्षां बरीच उतरली, म्हणून तो थोडा खिन्न झाला. नवा सारांश त्यानें त्याच परीक्षकांकडे पाठविला आहे.