स्पॅंग्लिशचा नियम आणि मराठीची चौकट : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

अमेरिकेतील स्पॅनिश-इंग्रजी मिश्र बोलण्यास स्पॅंग्लिश म्हणतात. एकाच संभाषणात एका भाषेतून दुसरीत जाणे म्हणजे भाषासंकेत-बदल. असे बोलणारास दोन्ही भाषा धड येत नाहीत, हा समज शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये खोडून काढला. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन वस्तीच्या अभ्यासातून त्यांनी दाखविले, की वाक्याच्या मध्यावर भाषा बदलणारे बहुधा दोन्ही भाषांत प्रवीण असतात. मूळ शब्द एका भाषेचा आणि त्याला जोडलेला प्रत्यय दुसरीचा, असे सहसा घडत नाही, हा त्यांचा एक नियम होय.

हा नियम मराठीस जसाच्या तसा लागू पडत नाही. जव्हारच्या महाविद्यालयात सहज कानी पडेल असे वाक्य पाहू : 'सर, ॲडमिशन कन्फर्म झालं की स्कॉलरशिपचा फॉर्म सबमिट करतो.' येथे 'स्कॉलरशिप'ला 'चा' हा मराठी प्रत्यय निर्वेध जोडला आहे. क्रियापदाबाबत मात्र भाषा सावध आहे : 'सबमिटतो' न म्हणता 'सबमिट करतो' असे म्हटले जाते. शब्दक्रम, लिंग, प्रत्यय सारे मराठीचे आहे. म्हणून एका भाषेची चौकट व दुसरीचे शब्द हे कॅरोल मायर्स-स्कॉटन यांचे प्रतिपादन येथे अधिक उपयुक्त ठरते. चौकट अभंग असल्यानेच हे वाक्य बोलताना स्वाभाविक वाटते.

लेखनाचा प्रश्न वेगळा आहे. 'बस', 'तिकीट', 'फॉर्म' हे शब्द इंग्रजी न येणारी व्यक्तीही वापरते. ते आता मराठीच होत व औपचारिक लेखनातही चालावेत. परंतु 'विद्यार्थ्यांचा परफॉर्मन्स इम्प्रूव्ह झाला' असे अहवालात लिहिले, तर गुण वाढले की उपस्थिती, हे कळत नाही. समोरासमोर श्रोता लगेच विचारू शकतो. वाचकास ती सोय नसते. जेथे मिश्रण अर्थ धूसर करते, तेथे ते टाळावे.

याच कसोटीवर आपले मूल्यमापनही तपासले पाहिजे. वारली घरातून आलेल्या विद्यार्थ्यास प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते. वारली विवाहावरील उत्तरात तो 'धवलेरी' लिहितो. लग्नविधी गीतांतून पार पाडणाऱ्या स्त्रीसाठी प्रमाण मराठीत नेमका शब्द नाही. 'पुरोहित' म्हटल्याने अर्थ बदलतो. हा शब्द प्रथम आला तेथे एका वाक्यात उलगडून पुढे तसाच ठेवणे, हे शास्त्रीय लेखन होय. अनेक उत्तरपत्रिकांत मात्र अशा शब्दाखाली लाल रेघ येते व 'परफॉर्मन्स' बिनबोभाट सुटतो. प्रस्तुत लेखकाकडूनही प्रारंभीच्या वर्षांत असे घडले आहे.

सारांश, शब्द कोणत्या भाषेतून आला यापेक्षा तो अर्थ नेमका करतो की झाकतो, यावर त्याची औपचारिक लेखनातील ग्राह्यता ठरावी. ही कसोटी इंग्रजी व वारली या दोहोंस सारखीच लावणे न्याय्य ठरेल.