आक्कोन्तो आणि साल्दो: एका ओळीचे रसग्रहण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला उत्तर इटलीतल्या पंप बनवणाऱ्या कारखान्याची खरेदी ऑर्डर आली. पंपाच्या बॉडीचे ४०० नग, ओतीव लोखंडाचे, नगाला ४२,५० युरो, एकूण १७.०००,०० युरो. इटलीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजारानंतर टिंब. म्हणजे नगाला साडेबेचाळीस युरो आणि एकूण सतरा हजार. आकड्यांचे भाषांतर एवढ्यावर संपते. खरे वाचायचे आहे ते खालच्या कोपऱ्यात, पैशांच्या रकान्यात. तिथे एकच ओळ आहे:

आक्कोन्तो ३०% आल्ला कोन्फेर्मा दोर्दिने, साल्दो ७०% अद अव्वीझो मेर्चे प्रोन्ता, प्रीमा देल्ला स्पेदित्सिओने.

इतकी वर्षे ऑर्डरी भाषांतरित करते आहे, तरी ही ओळ समोर आली की मी थांबून वाचते. हिच्यात क्रियापद नाही. कोण देणार, कोणाला देणार, हेही लिहिलेले नाही. तरीही कोणी आधी हलायचे आणि कोणी नंतर, हे तिने पक्के बांधून ठेवले आहे. टक्के तर कोणालाही कळतात. भाषांतरात जपायचा असतो तो हा क्रम.

पहिला शब्द आक्कोन्तो. फोड केली तर ‘आ कोन्तो’, म्हणजे खात्यावर. एकूण किमतीपैकी आत्ता खात्यावर जमा केलेला भाग, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत त्याला ‘ॲडव्हान्स’ म्हणून आपण मोकळे होतो. मराठीला मात्र थोडे थांबावे लागते, कारण आपल्याकडे आगाऊ रक्कम वेगळी आणि विसार वेगळा. घर घेताना विसार पावती करतो ती शब्द बांधण्यासाठी. घेणारा फिरला तर विसार बुडाला, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इटालियनमध्ये विसाराला स्वतंत्र शब्द आहे, कापार्रा. इटलीच्या दिवाणी संहितेच्या १३८५व्या कलमात त्याचा हिशेब दिला आहे. कापार्रा देणाऱ्याने करार मोडला तर समोरच्याला करारातून बाहेर पडून ती ठेवून घेता येते. घेणाऱ्याने मोडला तर देणाऱ्याला दुप्पट मागता येते.

या ऑर्डरीत तीस टक्के म्हणजे ५,१०० युरो. ते आक्कोन्तो असतील आणि ऑर्डर फिसकटली, तर ते परत करायची रक्कम ठरतात. नुकसानीचा दावा लागलाच तर तो वेगळा चालतो. तेच कापार्रा असतील आणि फाउंड्रीला माल देता आला नाही, तर गिऱ्हाईक १०,२०० युरो मागू शकते. फाउंड्रीच्या मालकांनी मला उत्तराचा मसुदा दिला, त्यात ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ असे वाक्य होते. त्याला नेमका बसणारा इटालियन शब्द कापार्रा, तो चटकन सुचतोही. पण तो लिहिला असता तर गिऱ्हाइकाला बांधता बांधता मालकच दुहेरी बांधले गेले असते. शिवाय ऑर्डरीत नसलेली अट आपल्या होकारात घातली तर इटालियन कायद्याने तो होकार राहत नाही, तो नवा प्रस्ताव होतो. मी हे समजावून सांगितल्यावर मालकांनी ते वाक्य स्वतःच खोडले. मराठी प्रतीत मी ‘आगाऊ रक्कम’ लिहिले. ‘विसार’ मुद्दाम टाळला.

पुढचे दोन शब्द, ‘कोन्फेर्मा दोर्दिने’, दिसायला सर्वांत सोपे आहेत आणि ओळीतली खरी गाठ तिथेच आहे. शब्दशः ‘ऑर्डरची पुष्टी’. पण पुष्टी कोणाची? आपल्याकडे ‘ऑर्डर कन्फर्म झाली’ म्हणजे गिऱ्हाइकाने पक्के सांगितले. इटलीत ओर्दिने गिऱ्हाईक पाठवते आणि कोन्फेर्मा दोर्दिने पुरवठादार. ते एक वेगळे कागदपत्र असते. त्यात माल, भाव, मुदत आणि पैशांच्या अटी पुन्हा लिहून, सही करून परत पाठवायचे. तिथल्या कायद्यात प्रस्ताव मांडणाऱ्याला समोरच्याचा होकार कळतो त्या क्षणी करार होतो. तो होकार म्हणजे ही कोन्फेर्मा.

हे न कळल्यामुळे काय होते ते याच ऑर्डरीत दिसले. पहिले भाषांतर दुसऱ्या कोणीतरी करून दिले होते: ‘ऑर्डर कन्फर्म झाल्यावर ३० टक्के ॲडव्हान्स’. मालकांनी पॅटर्न तयार करायला टाकला, पिग आयर्नचा भाव विचारून ठेवला आणि पैशांची वाट पाहत बसले. तिकडे गिऱ्हाईक कोन्फेर्माची वाट पाहत होते. बारा दिवस कोणी कोणाला काही लिहिले नाही.

मला फोन आला, “ताई, ऑर्डर तर पक्की म्हणाले होते. मग ॲडव्हान्स कुठं अडकलाय?”

मी विचारले, “तुम्ही त्यांना सही करून काय पाठवलंत?”

“आम्ही काय पाठवायचं? ऑर्डर त्यांची हाय की.”

त्या एका वाक्यात बारा दिवसांचा उलगडा होता. त्याच संध्याकाळी कोन्फेर्मा गेली आणि चौथ्या दिवशी पैसे आले. दोन्ही बाजू प्रामाणिक, दोन्ही बाजू तयार, आणि मध्ये फक्त एका कर्त्याची उणीव. मूळ ओळीत कर्ता नाही, कारण इटालियन वाचकाला तो सांगावा लागत नाही. आपल्या वाचकाला सांगावा लागतो. म्हणून माझ्या भाषांतरात ‘आपण ऑर्डर स्वीकारल्याचे लेखी कळवल्यावर’ असे आले. मूळ दोन शब्दांचे पाच झाले, पण त्या पाचांत कोण हे सापडते.

आता साल्दो. माझा सर्वांत लाडका शब्द. आपण म्हणतो ‘बाकी’. बाकी म्हणजे उरलेले, अजून यायचे असलेले. साल्दोचे घराणे भरीव, अखंड या अर्थाच्या शब्दाचे आहे. त्याच घराण्यातले ‘साल्दारे’ हे क्रियापद लोखंडाचे दोन तुकडे जोडतानाही वापरतात आणि बिल चुकते करतानाही. म्हणजे तेच ११,९०० युरो आपण उरलेल्या टोकाकडून पाहतो आणि ते मिटल्या हिशेबाच्या टोकाकडून. ओतकाम करणाऱ्या मालकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सांधा मारला.” याहून नेमका अर्थ कोणत्याही कोशात मिळाला नसता. अटीच्या ओळीत मात्र मी ‘उर्वरित रक्कम’ लिहिले. तिथे वाचणाऱ्याला किती यायचे ते कळायला हवे, आणि ‘चुकती रक्कम’ म्हटले तर पैसे आलेच असा भास होतो.

साल्दो कधी? ‘अद अव्वीझो मेर्चे प्रोन्ता’. माल तयार असल्याच्या सूचनेवर. इथे ओझे उचलणारा शब्द आहे अव्वीझो, सूचना. नुसता माल तयार होऊन गोदामात पडून राहिला तर पैशांची वेळ येत नाही. फेटलिंग झाले, तपासणी झाली, खोक्यांत भरले, पॅकिंग लिस्ट केली आणि तसे लेखी कळवले, की त्या दिवसापासून गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे. ‘माल तयार झाल्यावर’ असे भाषांतर केले तर कानाला बरे लागते आणि सूचना गळून पडते. मग माल कधी तयार झाला याचा पुरावा कोणाकडेच उरत नाही.

शेवटी स्वल्पविराम आणि मग ‘प्रीमा देल्ला स्पेदित्सिओने’, माल रवाना होण्यापूर्वी. हा तुकडा आधीच्यावर कडी लावतो: सूचना गेली तरी पैसे आल्याशिवाय कंटेनर हलणार नाही. ही कडी किती मोलाची ते मी माझ्याच चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका पुरवठादाराचे ‘माल पाठवण्यापूर्वी बाकी’ मी इटालियनमध्ये ‘साल्दो आल्ला कोन्सेन्या’ असे नेले होते. कोन्सेन्या म्हणजे माल सुपूर्द करणे. सुपूर्द कुठे, हे ऑर्डरीत ‘रेसा’च्या रकान्यात असते. तिथे एफओबी न्हावा शेवा होते, म्हणजे बोटीवर माल चढला की पुरवठादाराची सुपूर्दगी झाली. पण गिऱ्हाइकाच्या हिशेब खात्याने कोन्सेन्या म्हणजे आपल्या फाटकात माल आला असा अर्थ घेतला. बोट बंदराला लागली, माल सुटला, कारखान्यात पोहोचला आणि मग पैसे निघाले. पुरवठादार दीड महिना बिनपैशांचा बसला. तेव्हापासून रवानगी आणि सुपूर्दगी हे दोन शब्द मी एकमेकांच्या जागी कधी ठेवले नाहीत.

पूर्ण ओळ मराठीत अशी उतरली:

एकूण किमतीच्या ३० टक्के रक्कम आगाऊ, आपण ऑर्डर स्वीकारल्याचे लेखी कळवल्यावर. उर्वरित ७० टक्के रक्कम, माल तयार असल्याची लेखी सूचना आपण दिल्यावर व माल रवाना होण्यापूर्वी.

मूळ ओळीइतकी ती आखूड नाही, पण घटनांचा क्रम तोच आहे: आपला होकार, त्यांचे पैसे, आपली सूचना, त्यांचे पैसे, मग माल. दोघांपैकी कोणालाही सलग दोन पावले टाकावी लागत नाहीत. कोणाचीही उडी फार लांब पडू नये याची काळजी या ओळीने घेतली आहे, आणि तिचे सौंदर्य मला तिथे दिसते.

या कथेत आणखी एक वाचक आहे, आपली बँक. दुसरी रक्कम आली तेव्हा गिऱ्हाइकाने बँकेच्या तपशिलात ‘साल्दो’ आणि ऑर्डरीचा क्रमांक लिहिला होता. मालकांना वाटले, बाकी आली म्हणजे निर्यातीच्या बिलाचे पैसे आले, तसेच बँकेला कळवावे. पण माल अजून शिरोलीतच होता, शिपिंग बिल निघालेले नव्हते. बँकेच्या नजरेत निर्यात होण्याआधी आलेला पैसा हा निर्यातीपोटीची आगाऊ रक्कमच असतो, मग पाठवणाऱ्याने त्याला काहीही नाव दिलेले असो. म्हणून दोन्ही रकमा P0103 या उद्देश-कोडाखालीच दाखवायच्या होत्या, आणि माल गेल्यावर शिपिंग बिलाशी दोन्हींची सांगड घालायची होती. तपशील मी ‘साल्दो, म्हणजे ऑर्डरीची उर्वरित रक्कम’ असाच भाषांतरित केला, कारण पाठवणाऱ्याने तसेच लिहिले होते. बँकेसाठी खाली एक ओळ जोडली: माल रवाना होण्यापूर्वी मिळालेली रक्कम.

तेच ११,९०० युरो तिकडे साल्दो, इकडे बाकी आणि बँकेत आगाऊ. तिन्ही नावे खरी आहेत, कारण तिन्ही ठिकाणी माल आणि पैसा यांच्यातले अंतर वेगळ्या जागेवरून मोजले जाते. दुसऱ्या दिवशी मालकांचा निरोप आला, कंटेनर न्हावा शेव्याला निघाला होता. त्यांच्या वहीत त्यांनी त्या रकमेपुढे बाकी लिहिले नव्हते. लिहिले होते, ‘सांधा पुरा’.