4n+2 नियम आणि आठ कार्बनांचे वलय : वर्गीकरणाच्या प्रचलित पद्धतीची एक चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे येतो : 'खालील वलयांचे ॲरोमॅटिक, अँटीॲरोमॅटिक व नॉनॲरोमॅटिक असे वर्गीकरण करा.' प्रश्न सोपा वाटतो. विद्यार्थी वलयातील π-इलेक्ट्रॉन मोजतो. संख्या 4n+2 मध्ये बसली तर ॲरोमॅटिक, 4n मध्ये बसली तर अँटीॲरोमॅटिक आणि कोठेच बसली नाही तर नॉनॲरोमॅटिक, असा तो निर्णय देतो. रोहिणखेड परिसरातून येणारा विद्यार्थी असो वा महानगरातील, ही रीत सर्वत्र सारखीच आढळते. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या आदर्श उत्तरांत सायक्लोऑक्टाटेट्राईन या संयुगापुढे 'अँटीॲरोमॅटिक' असे उत्तर छापलेले प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. ज्या विद्यार्थ्यांनी 'नॉनॲरोमॅटिक' असे लिहिले, त्यांना गुण मिळाले नाहीत. वस्तुतः त्यांचे उत्तर बरोबर होते.

ही चूक एका परीक्षकाच्या अनवधानापुरती मर्यादित नाही. नियम ज्या अटींवर उभा आहे, त्या अटी मोजणीच्या सोयीसाठी गाळल्या गेल्याने ती पुन्हा पुन्हा घडते. प्रस्तुत लेखात याच एका वलयाच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

नियमाचे मूळ व त्यातील अट

एरिख ह्यूकेल यांनी १९३१ साली बेंझीनच्या इलेक्ट्रॉन-रचनेचा सिद्धान्त मांडला. त्यांनी विचारात घेतलेली वलये सपाट, एकचक्री आणि प्रत्येक अणूवर एक p-ऑर्बिटल असलेली अशी होती. 4n+2 हे आज परिचित असलेले संक्षिप्त सूत्र मात्र पुढे १९५१ साली डोअरिंग यांच्या लेखनातून रूढ झाले. 4n इलेक्ट्रॉनांच्या वलयांसाठी 'अँटीॲरोमॅटिक' ही संज्ञा ब्रेस्लो यांनी १९६० च्या दशकात प्रचारात आणली. सूत्र जितके आटोपशीर झाले, तितकी 'सपाट' ही मूळ अट विद्यार्थ्याच्या नजरेआड होत गेली.

सपाट वलयात शेजारशेजारचे p-ऑर्बिटल एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे त्यांचे परस्परआच्छादन संपूर्ण वलयभर चालू राहते. वलय वळले की हे आच्छादन तुटक होते. अशा वेळी इलेक्ट्रॉनांची संख्या कितीही असली, तरी त्या संख्येला वलयाविषयी काही सांगण्याचा अधिकार उरत नाही. म्हणजे मोजणी हा या नियमाचा दुसरा टप्पा आहे. पहिला टप्पा 'हे वलय सपाट आहे काय?' हा प्रश्न आहे.

सायक्लोऑक्टाटेट्राईन : डाळिंबाच्या सालीपासून क्ष-किरणांपर्यंत

या संयुगाचा इतिहास शिकविण्याजोगा आहे. विलस्टेटर यांनी १९११ साली ते प्रथम तयार केले. त्यांचा आरंभीचा पदार्थ होता डाळिंबाच्या सालीत आढळणारे स्यूडोपेलेटिएरीन हे अल्कलॉईड. बेंझीनसारखे एकाआड एक दुहेरी बंध असलेले हे वलय बेंझीनसारखेच स्थिर असावे, अशी त्या काळातील अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते ब्रोमीनशी एखाद्या साध्या अल्किनप्रमाणे सहज संयोग पावले. हे इतके अनपेक्षित होते की विलस्टेटर यांना खरोखरच हे संयुग मिळाले होते काय, याविषयी पुढे काहींनी शंका घेतली. १९४० च्या दशकात रेपे यांनी जर्मनीत निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने असेटिलीनच्या चार रेणूंपासून हेच संयुग मोठ्या प्रमाणावर मिळविले. अमेरिकेत कोप व ओव्हरबर्जर यांनी विलस्टेटर यांचा मार्ग पुन्हा चोखाळला आणि मूळ काम खरे ठरले.

पुढे क्ष-किरण व इतर पद्धतींनी रचना स्पष्ट झाली. हे वलय सपाट नाही. त्याचा आकार टबासारखा वळलेला आहे. त्यात सुमारे १.३४ आँगस्ट्रॉम लांबीचे दुहेरी बंध आणि सुमारे १.४७ आँगस्ट्रॉम लांबीचे एकेरी बंध एकाआड एक येतात. बेंझीनमध्ये सर्व बंध १.३९ आँगस्ट्रॉमच्या आसपास सारखे असतात, हे येथे लक्षात घ्यावे. वलय वळल्यामुळे शेजारच्या दुहेरी बंधांची p-ऑर्बिटल्स एकमेकांशी समांतर राहत नाहीत. म्हणून चारही दुहेरी बंध जवळजवळ स्वतंत्र अल्किनप्रमाणे वागतात. प्रोटॉन एनएमआर वर्णपटात त्याचे शिखर सुमारे ५.७ वर येते. बेंझीनचे ७.३ च्या आसपास असते. ५.७ हे साध्या अल्किनच्या प्रोटॉनांचेच क्षेत्र होय. ब्रोमीनशी होणारी सहज क्रिया, असमान बंधलांबी व एनएमआर ही तिन्ही साधने एकच निर्णय देतात : नॉनॲरोमॅटिक.

वलय का वळते?

याचे एक कारण शाळेच्या भूमितीतच सापडते. अष्टकोनाच्या आतील कोनांची बेरीज १०८० अंश, म्हणून सम अष्टकोनाचा प्रत्येक कोन १३५ अंश. sp² कार्बनला १२० अंशांचा कोन सोयीचा असतो. सपाट राहिल्यास प्रत्येक कोपऱ्यावर पंधरा अंशांचा ताण येतो. टबाच्या आकारात हा कोन कमी होऊन ताण पुष्कळ सैल होतो. येथे इलेक्ट्रॉनांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही.

आता इलेक्ट्रॉनांकडे पाहू. सपाट सम अष्टकोन गृहीत धरल्यास ह्यूकेल पद्धतीने आठ आण्विक ऑर्बिटल्स मिळतात. सर्वांत खाली एक, त्यावर समान ऊर्जेची एक जोडी, मध्यभागी अबंधक अशी दुसरी जोडी, आणि वर तसाच आरसाप्रतिमेसारखा क्रम. आठ इलेक्ट्रॉन भरताना पहिल्या ऑर्बिटलमध्ये दोन व पहिल्या जोडीत चार जातात. उरलेले दोन अबंधक जोडीत एकेक करून बसतात. म्हणजे सम अष्टकोनी रूपात दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन उरतात, आणि असे रूप टाळण्याकडे रेणूचा कल असतो.

येथे एक उद्बोधक तुलना करता येते. π-इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा β या एककात काढून ती तेवढ्याच कार्बनांच्या खुल्या साखळीशी ताडून पाहू. बेंझीनसाठी ८.०० विरुद्ध ६.९९, म्हणजे वलय केल्याने मोठा लाभ. सायक्लोब्युटाडाईनसाठी ४.०० विरुद्ध ४.४७, म्हणजे स्पष्ट तोटा. सपाट सायक्लोऑक्टाटेट्राईनसाठी ९.६६ विरुद्ध ९.५२, म्हणजे फरक नगण्य. साध्या गणिताच्या पातळीवरदेखील चार व आठ ही दोन '4n' वलये एकसारखी नाहीत. त्यांना एकाच रकान्यात टाकणे म्हणजे गणिताचाही अनादर होय.

चार कार्बनांचे वलय असे वळून सुटू शकत नाही. ते सपाटच राहते, मात्र चौरसाऐवजी लांबट आयताचा आकार घेते, आणि इतके क्रियाशील असते की अत्यंत थंड परिस्थितीतच त्याचा अभ्यास शक्य होतो. म्हणून सायक्लोब्युटाडाईन हे अँटीॲरोमॅटिकतेचे खरे उदाहरण आहे. आठ कार्बनांच्या वलयाला वळण्याची मुभा असते आणि ते ती घेते.

तोच सांगाडा, दोन इलेक्ट्रॉन अधिक

याच वलयाने नियमाची दुसरी बाजूही दाखविली आहे. १९६० साली कॅट्झ यांनी पोटॅशियम धातूच्या साहाय्याने सायक्लोऑक्टाटेट्राईनला दोन इलेक्ट्रॉन दिले. मिळालेल्या द्विऋणायनात दहा π-इलेक्ट्रॉन असतात, आणि अबंधक जोडी आता पूर्ण भरते. टबासारखे वलय सपाट होते व सर्व बंध जवळपास समान, सुमारे १.४१ आँगस्ट्रॉम, होतात. कोनाचा ताण तेवढाच आहे, तरीही ॲरोमॅटिक स्थैर्याने त्यावर मात केली. विद्यार्थ्यांसमोर हे दोन रेणू शेजारी ठेवावेत. इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर वलयाचा आकार अवलंबून असतो आणि आकारावर नियमाची लागूता अवलंबून असते, हे परस्परनाते त्यातून स्पष्ट होते.

दहा इलेक्ट्रॉन असले म्हणजे ॲरोमॅटिक, असा उलट निष्कर्षही मात्र काढता येणार नाही. दहा कार्बनांच्या साध्या वलयात, म्हणजे [१०]-ॲन्युलीनमध्ये, दहा π-इलेक्ट्रॉन असतात. सर्व दुहेरी बंध सिस असल्यास सपाट दशकोनाचा कोन १४४ अंश होतो आणि ताण फार वाढतो. दोन बंध ट्रान्स केल्यास कोन सुटतो, परंतु आतल्या बाजूचे दोन हायड्रोजन एकमेकांना भिडतात. परिणामी हे वलय सपाट राहत नाही. त्या दोन हायड्रोजनांच्या जागी एक CH₂ पूल टाकल्यावर मात्र फोगेल यांना १९६४ साली ॲरोमॅटिक गुण दाखविणारे संयुग मिळाले. दोन्ही ठिकाणी इलेक्ट्रॉन दहाच आहेत, पण निर्णय भिन्न आहेत.

आक्षेप व मर्यादा

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सपाट सायक्लोऑक्टाटेट्राईन अँटीॲरोमॅटिक असतेच, मग 'अँटीॲरोमॅटिक' हे उत्तर सर्वस्वी चूक कसे? हे खरे आहे की टब उलटताना वलय क्षणभर सपाट, एकाआड एक बंधांच्या रूपातून जाते. त्यासाठी लागणारी ऊर्जा प्रतिमोल दहा-अकरा किलोकॅलरीच्या आसपास आहे. त्या सपाट रूपाला अँटीॲरोमॅटिक म्हणता येईल. वलयात असेटिलीन बंध गुंफून आठ सदस्यांचे वलय सक्तीने सपाट ठेवलेली संयुगेही तयार झाली आहेत, व ती 4n वलयाला साजेसे चुंबकीय गुण दाखवितात. परंतु प्रश्नपत्रिका बाटलीतील संयुगाविषयी विचारते, आणि बाटलीतील संयुग टबाच्या आकाराचे आहे. प्रश्नकर्त्याला सपाट रूप अभिप्रेत असेल, तर त्याने तसे लिहावे.

नियमाची आणखी एक मर्यादा येथे नोंदवणे आवश्यक आहे. तो एकचक्री वलयांसाठी आहे. पायरीनमध्ये सोळा π-इलेक्ट्रॉन असतात, तरी ते स्थिर ॲरोमॅटिक संयुग आहे. केवळ मोजणी करणारा विद्यार्थी तेथे पुन्हा फसतो.

समारोप

वर्गीकरणाचा क्रम असा ठेवणे योग्य होईल. प्रथम वलयात अखंड p-ऑर्बिटल्स आहेत काय ते पाहावे. sp³ कार्बन मध्ये आल्यास प्रश्न तेथेच संपतो. त्यानंतर वलयाला सपाट राहणे परवडते काय, हे कोन व आतले हायड्रोजन पाहून ठरवावे. शेवटी π-इलेक्ट्रॉन मोजावेत, आणि संख्या 4n आल्यास वलयाला वळून सुटण्याचा मार्ग आहे काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. तो मार्ग उपलब्ध असेल तर 'अँटीॲरोमॅटिक' हा शब्द लिहिण्यापूर्वी प्रायोगिक बंधलांबी पाहावी.

आदर्श उत्तर तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. सायक्लोऑक्टाटेट्राईनपुढे 'नॉनॲरोमॅटिक, कारण वलय टबाच्या आकाराचे असून बंधलांबी असमान आहे' असे लिहावे आणि कारणाला स्वतंत्र गुण ठेवावेत. ज्याने केवळ आठ मोजले आणि ज्याने रेणूचा आकार विचारात घेतला, त्या दोघांमधील भेद गुणपत्रिकेत दिसला पाहिजे.