ओढ कोणाची? : सुधारित चुलीच्या धुराड्याविषयी

ऐंशीच्या दशकात सुरू झालेला आणि २००२ साली केंद्र सरकारने बंद केलेला ‘राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम’ ठाणे जिल्ह्यातल्या कौलारू घरांपर्यंतही पोचला होता. चूल, तिच्यामागे वैल आणि वैलामागे छपरातून वर गेलेले सिमेंटचे धुराडे, अशी तिची रचना. धुराडे धूर ओढून घेते, असे घरच्या बाईला सांगितले जाई. आपणही वर्गात ‘गरम हवा हलकी होऊन वर जाते’ एवढे सांगून पुढे सरकतो. चुलीच्या रचनेतले दोष या अर्धवट वाक्यातच दडलेले आहेत, असे मला वाटते.

खरे तर धुराडे काहीच ओढत नाही. नळीतला वायू गरम, म्हणून विरळ असतो. बाहेर तेवढ्याच उंचीचा थंड हवेचा स्तंभ त्याच्याहून जड असतो. हा जड स्तंभ चुलीच्या तोंडातून आत शिरतो आणि हलक्या वायूला वर ढकलतो. तराजूची दोन पारडी डोळ्यांसमोर आणा.

आता हिशेब करू. समजा, धुराडे ३ मीटर उंच आहे, आतला वायू सरासरी १५० अंश सेल्सियस आणि बाहेरची हवा ३० अंश. बाहेरच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१७ किलो, आतल्या वायूची ०.८३. फरक ०.३४ किलो. त्याला उंचीने आणि गुरुत्वत्वरणाने गुणले की साधारण १० पास्कल दाब येतो. म्हणजे पाण्याची अवघी एक मिलिमीटर उंची! सगळी चूल एवढ्याशा दाबावर चालते.

मग धुराड्यातून धूर उलटा घरात का येतो, याचे उत्तर मिळते. ताशी १५ किलोमीटरचा वारा एखाद्या पृष्ठभागावर आदळला, तर त्याचा दाबही १० पास्कलच्या आसपासच असतो. कल्याणच्या बाजूला पावसाळ्यात असा वारा नवलाचा नाही. धुराड्याचे तोंड आढ्याच्या वर न नेता कौलांमधून हातभर बाहेर काढून थांबवले, तर छपराला अडलेला वारा त्याच्यावर दाबतो आणि ओढ संपते. खर्च वाचवण्यासाठी नळी आखूड ठेवली, तर नेमके हेच होते. मग दोष बाईच्या सवयीला दिला जातो!

‘जाळ वाढवा म्हणजे ओढ वाढेल’ हा सल्लाही तपासून पाहायला हवा. वायू तापला की वेग वाढतो, पण तो विरळही होतो. त्यामुळे दर सेकंदाला जाणारे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. वायूचे निरपेक्ष तापमान बाहेरच्या हवेच्या दुप्पट, म्हणजे येथे सुमारे ३३० अंश सेल्सियस झाले की ते कमाल होते. १५० अंशांनाच त्याच्या नव्वद टक्के प्रवाह मिळतो. जास्तीची लाकडे आकाश तापवतात.

माझी मुख्य तक्रार मात्र उलट बाजूची आहे. ओढ कमी असणे जसे वाईट, तशी जास्त असणेही. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत, घर्षण धरून, वायूचा वेग दीड मीटर प्रति सेकंद मानला, तर सेकंदाला सुमारे १० ग्रॅम वायू जातो. तासाला एक किलो लाकूड जळत असेल, तर त्याला सेकंदाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास हवा पुरते. म्हणजे गरजेच्या पाचपटींहून अधिक हवा चुलीतून फिरून जाते, ज्वाळा थंड करते आणि भांड्याला द्यायची उष्णता बाहेर नेते. १० ग्रॅम वायू १२० अंशांनी तापलेला बाहेर पडला, तर सव्वा किलोवॅटच्या आसपास उष्णता गेली. लाकडाची एकूण उष्णता साडेचार किलोवॅटच्या घरात! पाव भाग धुराड्यातून गेला. नळीत पत्र्याची साधी झडप असती, तर जाळ धरल्यावर ती अर्धी ओढून घेता आली असती. अर्थात पूर्ण बंद केली तर धूर घरात येणार.

शेवटची गोष्ट काजळीची. व्यास दहावरून सातवर आला की वाट निम्मी होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून. तशीच वैलाच्या भांड्याभोवतीची फट. तिच्यातून थंड हवा नळीत घुसते आणि चुलीच्या तोंडाशी ओढ उरत नाही. पेटती उदबत्ती आधी तोंडाशी, मग फटीशी धरून पाहा. तोंडाशी धूर रेंगाळत असेल आणि फटीत झपाट्याने आत जात असेल, तर नळी ठीक आहे, फट मातीने लिंपायला हवी. दोन्हीकडे रेंगाळत असेल, तर नळी थंड आहे किंवा तुंबली आहे. सकाळी पहिला जाळ करण्याआधी नळीच्या बुडाशी कागदाचा बोळा पेटवावा. तिने ओढ धरली तर ती फक्त थंड होती. नाही धरली तर काठीला चिंधी बांधून काजळी झाडायची वेळ झाली.