आयेल्ट्सचा निबंध: सहा की सात?

मंडळी, मघाशी पडद्यावर दाखवलेला निबंध पुन्हा डोळ्यांसमोर आणा. आयेल्ट्सच्या लेखन चाचणीतलं हे दुसरं काम, किमान अडीचशे शब्दांचं. प्रश्न होता: तरुण गाव सोडून शहरात का जातात? आणि ही गोष्ट चांगली की वाईट? तुमच्यापैकी बहुतेकांनी हात वर करून ‘सात’ म्हटलं. मला वाटतं, तुम्ही शब्दांना भुललात.

परीक्षक एकच गुण देत नाही. चार निकषांना वेगवेगळे पूर्ण बँड देतो आणि चौघांचं वजन सारखं असतं. म्हणून आपणही एकेक निकष सुटा धरू. आधी सहाचं वर्णन लागू पडतं का ते पाहायचं, मग विचारायचं, सातला अडतंय कुठे?

पहिला निकष प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा. निबंधात गाव सोडण्याच्या कारणांवर तीन परिच्छेद आहेत. चांगलं की वाईट, यावर मात्र शेवटी एकच वाक्य, तेही कारणाशिवाय. सहामध्ये एक भाग थोडा कमी फुलवलेला चालतो. इथे अर्धा प्रश्न जवळजवळ सुटलाच आहे. म्हणून पाच.

दुसरा निकष सुसंगतीचा. परिच्छेद नीट पाडलेत, पण दर दुसऱ्या वाक्याच्या तोंडी ‘मोरओव्हर’ नाहीतर ‘फर्दरमोअर’. ते काढून वाचा, अर्थ तसाच राहतो. जोडशब्द यांत्रिकपणे वापरणं ही सहाची खूण आहे.

तिसरा शब्दसंपत्तीचा. कमी प्रचलित शब्द आहेत, बहुतेक जागच्या जागी बसलेत, एखादाच चुकलाय. इथे सात द्यायला हरकत नाही.

चौथा व्याकरणाचा. वाक्यरचनेत विविधता आहे, पण सोळा वाक्यांपैकी निर्दोष सहाच. ‘अ’ आणि ‘द’ गळालेत. मराठीत उपपदं नसल्यामुळे आपल्याकडे ही चूक फार होते. अर्थ कुठे अडत नाही, पण सातला निर्दोष वाक्यं वरचेवर दिसायला हवीत. म्हणून सहा.

पाच, सहा, सात, सहा. बेरीज चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. आता गंमत बघा. मुलीने आणखी दहा भारी शब्द घातले असते तरी पहिला निकष पाचवरच राहिला असता. तेच एका परिच्छेदात तिने आपली बाजू कारणांसह मांडली असती आणि तीच भूमिका निबंधभर धरली असती, तर तिथे सात मिळाले असते. बेरीज सव्वीस, सरासरी साडेसहा.

एक सावधगिरी. हा अंदाज एका निबंधापुरता आहे. लेखनाच्या एकूण बँडमध्ये याचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट असलं, तरी ते पहिलं काम आपण पाहिलेलंच नाही. शिवाय ‘वरचेवर’ म्हणजे किती, याची टक्केवारी वर्णनात नाही. त्यामुळे व्याकरणाच्या सहाबद्दल कोणी माझ्याशी भांडलं तर ऐकून घेईन. पहिल्या निकषाच्या पाचबद्दल मात्र मी हटणार नाही.